डबा कोणाच्या घरचा

कॅन्टीन बंद झालं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि मला एका माणसापुरता भात लावता येत नव्हता.

तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात एक केमिकलची कंपनी होती. तिच्या कॅन्टीनमध्ये मी पोरवयात भांडी घासायला लागलो आणि पुढे मुख्य स्वयंपाकी झालो. तीन पाळ्यांचं जेवण माझ्या हाताखाली व्हायचं. वरणात मीठ मगाने पडायचं, फोडणीचं तेल डब्यातून सरळ ओतायचं, ढवळायला हातभर लांब झारा. मग नव्वदच्या दशकात त्या पट्ट्यातल्या एकेका कंपनीला कुलपं लागायला लागली. आमच्या कंपनीने आधी रात्रपाळी बंद केली, मग दुपारची, आणि एक दिवस साहेबाने हिशेब हातात देऊन सगळ्यांना निरोप दिला.

जुईनगरला सिडकोची एक खोली मी हप्त्यांवर घेतली होती. आई होती तेव्हा घेतली. तिच्या आजारपणात माझं लग्नाचं वय निघून गेलं आणि मग तीही गेली. कॅन्टीन चालू होतं तोवर मी घरी फक्त झोपायला यायचो. जेवण तिकडेच, उभ्याउभ्या, सगळ्यांचं उरकल्यावर. त्यामुळे घरात एक चूल असते आणि तिच्यावर संध्याकाळी काहीतरी शिजवावं लागतं, हे मला नोकरी गेल्यावर कळलं.

पहिल्या संध्याकाळी मी वरण केलं ते खारट झालं. दुसऱ्या दिवशी भात इतका झाला की तिसऱ्या दिवशीही तोच परतून खाल्ला. हाताला सवयच नव्हती. चिमूटभर म्हणजे किती, ते बोटांना ठाऊक नव्हतं. पण त्रास त्याचा नव्हता. वाढून घेतल्यावर ताट समोर ठेवायचं आणि कोणी "उस्ताद, आज तिखट झालंय" म्हणायला नाही, याचा त्रास होता. शिव्या द्यायलासुद्धा कोणी नव्हतं. मी रेडिओ लावून जेवायचो आणि बातम्या संपल्या की ताट उचलायचो.

माझ्या दारासमोर, पॅसेजच्या पलीकडे, एक भाभी राहायच्या. पनवेलकडच्या, कोकणी मुसलमान. नवरा आखातात नोकरीला, दोन वर्षांनी एकदा यायचा. मूलबाळ नव्हतं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील. जिन्यात भेट झाली की "काय भाऊ, बरं हाय ना?" एवढंच बोलणं.

डब्याची कल्पना मला आमच्या कंपनीच्या टाइम ऑफिसातल्या एका क्लार्कने दिली. त्याला बेलापूरला एका मोठ्या ऑफिसात नोकरी लागली होती. स्टेशनबाहेर गाठ पडली तेव्हा तो म्हणाला, "उस्ताद, आमच्याकडे लोकांचे फार हाल आहेत. बेलापूर नवीन, आजूबाजूला धड हॉटेल नाही. कोणी वडापाव खातंय, कोणी त्या टपरीवरची तेलकट थाळी. अर्ध्या जणांची बदली होऊन आलेली, बायका-मुलं गावाला. तू डबा चालू कर. मी तुला जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर उभा करतो. फक्त कॅन्टीनचं नाव काढू नकोस. घरचं जेवण आहे म्हण. त्यांना घरचं पाहिजे."

मी हो म्हणालो आणि घरी येऊन बसलो. घरचं म्हणजे नक्की काय करायचं? आई गेल्यावर घरचं असं मी काही खाल्लंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मटकीची उसळ आणि पोळ्या केल्या आणि धीर करून समोरच्या दारावर टकटक केली. "भाभी, जरा चाखून सांगता? डबे चालू करायचा विचार आहे."

त्यांनी वाटी हातात घेतली, उंबऱ्यातच उभं राहून एक घास खाल्ला.

"चव हाय," त्या म्हणाल्या. "पन भाऊ, सोडा घातलाय ना?"

"मटकी लवकर शिजते."

"शिजते, आनि दुपारी छातीवर बसते. हापिसात मानूस परत खुर्चीवर बसनार. आनि त्येल? ह्ये लग्नाच्या जेवनाचं त्येल हाय."

मी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्या पुढे पंधरा-वीस दिवस रोज ऐकून घेतलं. सकाळी मी करायचो, वाटी घेऊन समोर जायचो, त्या सांगायच्या. मसाला निम्मा करा. भाजी गाळ नका करू. पोळ्या तव्यावरून काढून लगेच डब्यात कोंबू नका, वाफेने ओल्या होतात; कापडावर जरा पसरा, मग घडी घाला. आमटी कडेपर्यंत भरू नका, सायकलवर हिंदकळून सगळ्या डब्याला लागेल. बोलणं दोन्ही दारं उघडी ठेवून व्हायचं. सोसायटीत डोळे फार. एकदा सेक्रेटरीने मला जिन्यात थांबवून, "काय, हल्ली समोर बरंच येणंजाणं?" असं विचारलंसुद्धा. मी म्हणालो, "वाटी द्यायला जातो." तो हसला. त्यानंतर मी वाटी उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागे येऊन उभा राहायला लागलो. त्याही तसंच करायच्या. मधल्या पॅसेजमध्ये वाटी इकडून तिकडे जायची.

मग बेलापूरचा दिवस ठरला. मी इस्त्रीचा शर्ट घातला. तीन पुडांचे चार डबे भरले, सायकलच्या कॅरिअरवर क्रेट बांधला आणि हायवेच्या कडेकडेने निघालो. बोलायचं काय ते आदल्या संध्याकाळी ओट्यासमोर उभं राहून पाठ केलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी टेबलं जोडून पेपर पसरले होते. पंधरा-सोळा माणसं असतील. त्यात एक वयस्कर बाई, हेडक्लार्क. सगळे त्यांना मॅडम म्हणत. आमच्या टाइम ऑफिसवाल्याने टाळी वाजवून सांगितलं, "हे आमचे ओळखीचे. दोन मिनिटं ऐकून घ्या."

मी सुरुवात केली. "नमस्कार. मी जुईनगरहून आलोय. घरच्या चवीचा डबा देतो. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, वरण किंवा आमटी, भात. बुधवारी ज्याला हवं त्याला मासे, वेगळ्या भांड्यात. तेल बेताचं, सोडा नाही, शिळं नाही. सकाळी केलेलं दुपारी तुमच्या टेबलावर. डबा साडेबाराच्या आत पोचेल. मी स्वतः सायकलवर आणतो, त्यामुळे गाड्या बंद पडल्या म्हणून डबा अडणार नाही. प्रत्येकाचे दोन डबे, एक इथे, एक माझ्याकडे, म्हणजे धुण्यासाठी खोळंबा नाही. एक आठवडा खाऊन बघा. आवडलं नाही तर सोडा."

दर टाइम ऑफिसवाल्याने आधीच सांगून ठेवला होता, त्यावर कोणी बोललं नाही. प्रश्न दुसरेच आले.

"पावसात काय करणार?" एकाने विचारलं.

"क्रेटवर ताडपत्री. अंगावर रेनकोट."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?" हे मॅडमनी विचारलं.

"तर आदल्या दिवशी सांगेन."

"ताप काय आदल्या दिवशी सांगून येतो?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो.

मग चष्मा लावलेले एक अकाउंटंट म्हणाले, "करतं कोण? वहिनी?"

"नाही. मीच करतो."

"वहिनी मदतीला असतील ना?"

"लग्न नाही झालं."

"मग घरी कोण असतं?"

"मी असतो," मी म्हणालो.

आता कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. अकाउंटंट पेपरवरचा चुरा बोटाने गोळा करत म्हणाले, "तसं नाही हो, पण घरचं म्हटलं की घरात बाई हवी. नाहीतर मग खानावळच की."

पाठ केलेलं सगळं संपलं होतं. मी डबे उघडून टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "चाखून बघा." दुसरं काय म्हणणार? चमचे आले. मेथीची भाजी होती, तुरीचं वरण, पोळ्या. लोक चाखत होते आणि मी भिंतीला टेकून त्यांच्या तोंडांकडे बघत होतो. कॅन्टीनमध्ये मी कधी कोणाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. तिथे रांग असायची.

"पोळी मऊ आहे," मॅडम म्हणाल्या. "वरण हलकं आहे. माझा एक लावा." त्यांच्यामागून विदर्भातून बदलून आलेल्या एका माणसाने हात वर केला, मग आणखी तिघांनी. अकाउंटंटनीही शेवटी लावला, "आठवडाभर बघू" असं म्हणत.

परतताना उतारावर मी पॅडल मारायचं थांबवलं आणि सायकल आपली चालू दिली. सहा डबे मिळाले होते. आनंदच होता. पण "घरी कोण असतं" हा प्रश्न कानातून जाईना. खोलीचं कुलूप काढताना मला पहिल्यांदाच वाटलं की हे कुलूप मी रोज बाहेरून लावतो आणि रोज बाहेरूनच काढतो. आतून कधी कोणी दार उघडलेलं नाही.

भाभींनी विचारलं, "काय झालं?" मी आकडा सांगितला, बाकीचं नाही.

डबे हळूहळू वाढले. पहाटे उठून कणीक, मग भाज्या, मग पोळ्या. आठवड्यातून एकदा वाशीच्या मार्केटला जाऊन कांदे-बटाट्यांची गोणी आणायची. पावसाळ्यात मी भिजलो, डबे भिजले नाहीत. एकदा सायकल पंक्चर झाली तर क्रेट रिक्षात टाकून गेलो. वेळ चुकली नाही, आणि मॅडम इतरांना सांगायला लागल्या की घड्याळ बंद पडलं तर डब्यावरून लावा. दुपारी भरलेले डबे ठेवून आदल्या दिवशीचे रिकामे घ्यायचे आणि परत. येताना कॅरिअरवर रिकाम्या डब्यांचा खुळखुळाट व्हायचा. घरी आलं की पातेल्याच्या तळाशी उरलेलं पुसून खायचं. एकापुरता भात अजूनही लावला नव्हता. आता त्याची गरज नव्हती.

दिवाळीच्या आधी मला ताप भरला. कणीक मळून झाली आणि उठताच येईना. ओट्याला पाठ लावून खालीच बसलो. दार उघडं होतं. लाटण्याचा आवाज रोजच्या वेळी आला नाही म्हणून भाभी दारात आल्या.

"भाऊ?"

"जरा चक्कर आली. करतो."

त्यांनी आत यावं की नाही याचा क्षणभर विचार केला असावा. मग आल्या. कपाळाला हात न लावताच म्हणाल्या, "डोळे लाल हायत. तुमी पडा. कोनाला काय द्यायचं ते सांगा."

त्या दिवसासाठी मी कडवे वाल मोड आणून सोलून ठेवले होते. ते त्यांनी उचलले. मळलेली कणीक, डबे, क्रेट, सगळं त्यांच्या घरात गेलं. मी चटईवर पडून पलीकडचे आवाज ऐकत होतो. नारळ खवल्याचा, फोडणीचा, आणि पोळपाटाचा, माझ्यापेक्षा सावकाश. माझ्या घराचं काम दुसऱ्या घरात चाललं होतं आणि मला झोप लागली.

त्या स्वतः रिक्षाने बेलापूरला गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा अशा ऑफिसात. वॉचमनने वर सोडलं नाही, म्हणून क्रेट शिपायाच्या हाती दिला. "डबेवाले भाऊ आजारी हायत" एवढं सांगितलं आणि रिकामे डबे घेऊन परत आल्या. असे तीन दिवस गेले. माझ्या दारात रोज दुपारी पेजेचं भांडं ठेवलेलं असायचं, वर ताटली झाकलेली.

चौथ्या दिवशी मी गेलो. अशक्तपणा होता, सायकल काही ठिकाणी हातात धरून नेली. डबे मांडतोय तोच अकाउंटंट उठून माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा मी इतका खुललेला कधी बघितला नव्हता.

"अहो, हे तीन दिवस काय जेवण होतं! ते वालाचं बिरडं! आमच्या मातोश्री असंच करायच्या. हेच म्हणत होतो मी तुम्हाला, हेच घरचं. कोण आलंय घरी?"

बाकीचेही म्हणाले. विदर्भातला माणूस सहसा बोलायचा नाही, तोही म्हणाला, "पोटभर वाटलं."

मला बोचलं. का बोचू नये? आयुष्यभर रांधलेलं, महिनोन् महिने वेळेवर पोचवलेलं, आणि तीन दिवसांच्या जेवणाने त्यावर बोळा फिरवला. क्षणभर मनात आलं, बहीण आली होती म्हणावं. सोपं होतं. सगळे खूश झाले असते. पण त्या बाईने तीन दिवस उन्हातून क्रेट वाहिला होता आणि जिन्याच्या तोंडाशीच परत फिरली होती. तिचं श्रेय माझ्या नसलेल्या बहिणीला कसं द्यायचं?

"माझ्या शेजारच्या भाभींनी केलं," मी म्हणालो. "त्यांच्या घरात. पनवेलकडच्या आहेत, कोकणी मुसलमान."

पंख्याखाली पेपरचे कोपरे तेवढे फडफडत होते. अकाउंटंट आपल्या खुर्चीकडे गेले. उघडलेला डबा त्यांनी तसाच ठेवला.

मी बोलत राहिलो. पहिल्या दिवसासारखं पाठ केलेलं नव्हतं. "तुम्ही विचारलं होतं, मी आजारी पडलो तर काय. त्या दिवशी मला सांगता आलं नाही. आता सांगतो. मी पडलो तर त्या करतील. आणि त्या हो म्हणाल्या तर रोजच काही पदार्थ त्यांच्या हातचे असतील. शाकाहारी डब्याची भांडी वेगळी, ती मी माझ्या घरून देईन. ज्यांना चालणार नाही त्यांनी आजच सांगा, मला राग नाही. पण उद्यापासून खाणाऱ्याला ठाऊक असेल की कोणी केलंय."

मॅडमनी डबा जवळ ओढला. "मासे शिजवलेल्या पातेल्यात माझी भाजी नको, एवढंच," त्या म्हणाल्या. "आणि चतुर्थीला मला साबुदाणा." असं म्हणून त्या जेवायला लागल्या.

महिनाअखेरीला तिघांनी डबा सोडला. अकाउंटंट त्यातले एक. त्यांनी माझ्याशी वाईटपणा घेतला नाही. "घरी आई आहे हो माझी, तिला समजलं तर..." एवढंच म्हणाले. मातोश्री असंच करायच्या, असं ते म्हणाले होते ते मला आठवलं. ते पुन्हा टपरीवर जायला लागले. येताजाता दिसायचे.

भाभींना मी सगळं सांगितलं, आपापल्या उंबऱ्यात उभं राहून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तीन गेले?"

"तीन गेले."

"मंग बाकीच्यांना उद्या काय देऊ या?"

पुढची दोन-अडीच वर्षं मी आयुष्यात सगळ्यात कमी एकटा होतो. सकाळी दोन्ही दारं उघडी, इकडे माझ्या पोळ्या, तिकडे त्यांची आमटी. बुधवारी त्यांचं बांगड्याचं सार असायचं, आणि त्याच्यासाठी दुसऱ्या ऑफिसांतूनही विचारणा आली. मीठ किती, नारळ आहे का, एवढंच आमचं बोलणं. सेक्रेटरी स्वतःच्या भावासाठी डबा लावून गेला आणि मग बोलणारेही थांबले. पण काम उरकलं की दारं लागायची. आम्ही एका पंगतीला कधी बसलो नाही. दुपारी त्या त्यांच्या खोलीत जेवायच्या, मी माझ्या. पॅसेजपलीकडून ताट ठेवल्याचा आवाज यायचा आणि मग मी घास घ्यायचो. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

एके वर्षी त्यांचा नवरा आला तो कागदपत्रं घेऊनच. तिकडे कुटुंब नेण्याची परवानगी मिळाली होती. भला माणूस. माझ्याकडे येऊन बसला, दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाला, "भाऊ, तुमी होता म्हनून मला तिकडं झोप लागली." मी त्यांना दोघांना जेवायला बोलावलं. ते आले. मी वाढत राहिलो. भाभी म्हणाल्या, "तुमी पन बसा ना," पण पोळ्या गरम हव्यात म्हणून मी तव्यापाशीच राहिलो.

त्या गेल्या तो दिवस कामाचा होता. डबे देऊन परत आलो तेव्हा समोरच्या दाराला कुलूप होतं. मदतीला पुढे मी दोन बायका ठेवल्या, चांगल्या होत्या, पाट्यावर वाटण वाटता वाटता भरपूर बोलायच्या. डबे टिकले, उलट वाढले. जेवण कमी पडलं किंवा उशिरा पोचलं असं कोणाला म्हणावं लागलं नाही. बायका दुपारी दोनला आपापल्या घरी जायच्या.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी खालच्या पीसीओवाल्याने जिन्यातून हाक मारली, बाहेरगावचा फोन आहे म्हणून. मी रात्रीच्या पोळ्यांची कणीक मळत होतो, तसाच पिठाच्या हातांनी धावलो. लाइनवर खरखर होती.

"भाऊ, आज काय दिलं?" भाभींनी विचारलं.

मी सांगितलं. दुधी, मुगाची आमटी, पोळ्या, भात. मॅडमना दुधी आवडत नाही म्हणून त्यांना भेंडी.

"आमटीत कोकम घातलं?"

"घातलं."

"इथं कोकम मिलत नाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या बाजूला कुठेतरी गाड्यांचे आवाज येत होते. "घरात दिवसभर कोनी नसतं," त्या म्हणाल्या. "हे रातीच येतात. तुमी जेवलात?"

"जेवलो," मी म्हणालो, आणि लाइन तुटली. पीसीओवाला म्हणाला, परत लागेल, थांबा. मी काउंटरला पिठाचे हात लागू नयेत म्हणून ते जरा वर धरून बराच वेळ तिथे उभा राहिलो.